स्टॉप लावला तरी ठिपका धूसरच? एकेरी भिंगातलं गोलीय विपथन कसं ओळखायचं आणि कसं आवरायचं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. एकच बहिर्गोल भिंग आहे, दूरच्या दिव्याचा किंवा समांतर झोताचा उजेड पडद्यावर बारीक ठिपक्यात गोळा करायचा आहे, आणि ठिपका काही केल्या बारीक होत नाही. पडदा भिंगापासून थोडा दूर नेला की मधला गाभा टोकदार होतो, पण त्याच्याभोवती धुरकट वलय पसरतं. पडदा जवळ आणला की वलय आवळलं जातं, पण गाभाच विरघळून जातो. ‘इथेच फोकस आहे’ असं छातीठोकपणे सांगता येईल अशी जागा सापडत नाही. मग कोणीतरी सुचवतं, पुढे स्टॉप, म्हणजे काठाचा उजेड अडवणारी छिद्राची चकती, लावा. स्टॉप लागतो, उजेड चारपट कमी होतो, आणि ठिपका जवळपास तेवढाच राहतो. इथे बहुतेक जण भिंगच खराब आहे असं ठरवून मोकळे होतात.

भिंग बहुधा ठीकच असतं. स्टॉपही बरोबर असतो. राहिलेलं असतं ते स्टॉप लावल्यानंतरचं एक काम, आणि बऱ्याचदा भिंगाचं तोंडही उलटीकडे असतं. दोन्ही गोष्टी आकड्यांनिशी दाखवतो, म्हणजे आपल्या मांडणीत नेमकं काय चुकतंय ते प्रत्येकाला मोजून ठरवता येईल.

उदाहरणासाठी एक साधं भिंग घेऊ. एक बाजू सपाट, दुसरी गोलाकार, म्हणजे प्लॅनो-कॉन्व्हेक्स. गोल पृष्ठाची त्रिज्या २५ मिमी, काचेचा अपवर्तनांक १.५, मध्यावरची जाडी ५ मिमी, वापरात येणारा व्यास २४ मिमी. नाभीय अंतर ५० मिमी. बाजारात मिळणारी साधी क्राउन काचेची भिंगं याच्या आसपासच असतात. अपवर्तनांक १.५१७ धरला तर खालचे आकडे थोडे हलतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

दोष नेमका कुठे आहे

शाळेत शिकलेलं ‘समांतर किरण नाभीत एकत्र येतात’ हे वाक्य फक्त अक्षाला चिकटून जाणाऱ्या किरणांपुरतं खरं आहे. गोलाकार पृष्ठ काठाकडच्या किरणांना गरजेपेक्षा जास्त वाकवतं, त्यामुळे काठाचे किरण भिंगाच्या जवळ अक्षाला छेदतात आणि मधले किरण दूर. दोन्ही छेदबिंदूंमधलं अक्षावरचं अंतर म्हणजे गोलीय विपथन. काच कितीही शुद्ध असो, घासाई कितीही उत्तम असो, पृष्ठ गोलाचा तुकडा आहे तोवर हे राहणारच.

आपल्या भिंगातून अक्षापासून १२ मिमीवरचा, म्हणजे अगदी काठाचा, एक किरण स्नेलच्या नियमाने काढून पाहू. गोल बाजू उजेडाकडे ठेवली आहे. आपाती कोनाची साइन १२ भागिले २५, म्हणजे ०.४८. हा कोन २८.७ अंश. काचेत शिरताना साइन १.५ ने भागली जाऊन ०.३२ होते, कोन १८.७ अंश. म्हणजे पहिल्याच पृष्ठावर किरण १०.० अंश वाकला. काचेतून जाताना तो थोडा खाली येतो, सपाट पृष्ठावर ११.६६ मिमी उंचीवर पोहोचतो, आणि बाहेर पडताना आणखी ५.१ अंश वाकतो. सपाट पृष्ठापासून ४३.१ मिमीवर तो अक्षाला छेदतो. अक्षाजवळचे किरण मात्र ४६.७ मिमीवर जमतात. फरक ३.५५ मिमी.

आता तेच भिंग उलटं करू, सपाट बाजू उजेडाकडे. समांतर किरण सपाट पृष्ठावर सरळ पडतो, तिथे अजिबात वाकत नाही. वाकवण्याचं सगळं काम मागच्या गोल पृष्ठावर येतं. तिथे आतून आपाती कोन तोच २८.७ अंश, पण बाहेर पडताना साइन ०.७२ होते, म्हणजे ४६ अंश. किरण एकाच फटक्यात १७.४ अंश वाकतो आणि भिंगाच्या मागच्या मध्यबिंदूपासून ३५.३ मिमीवरच अक्ष गाठतो. अक्षाजवळच्या किरणांची जागा ५० मिमी. फरक १४.७ मिमी.

भिंग तेच, काच तीच, फक्त तोंड फिरवलं आणि विपथन चौपटीहून जास्त झालं. कारण उघड आहे. दोन माणसांनी मिळून उचलायचं ओझं एकाच्या डोक्यावर दिलं की त्याची मान वाकडी होतेच. साइन आणि कोन यांचं नातं लहान कोनांना जवळजवळ सरळ रेषेत चालतं, मोठ्या कोनांना ते बिघडत जातं. म्हणून वाकणं दोन पृष्ठांत जितकं सारखं वाटलं जाईल तितकं विपथन कमी.

पातळ भिंगासाठी, अपवर्तनांक १.५ आणि उजेड अनंतावरून येत असताना, एक सोपं सूत्र चालतं:

LSA = k × h² ÷ f

इथे LSA म्हणजे वर मोजलेलं अक्षावरचं गोलीय विपथन, h ही किरणाची अक्षापासून उंची आणि f नाभीय अंतर. k मात्र भिंगाच्या आकारावर ठरतो. गोल बाजू उजेडाकडे असेल तर ७/६, दोन्ही बाजू सारख्या फुगीर असतील तर ५/३, आणि सपाट बाजू उजेडाकडे असेल तर ९/२. सतराव्या शतकात हायगेन्सने हा हिशेब मांडला तेव्हा सर्वांत चांगल्या आकारासाठी, म्हणजे त्रिज्यांचं प्रमाण १:६ असलेल्या भिंगासाठी, त्याला १५/१४ मिळाले. ७/६ आणि १५/१४ यांत जेमतेम ८ टक्क्यांचा फरक आहे. म्हणून ‘बेस्ट फॉर्म’ भिंगाच्या मागे धावण्यापेक्षा हातातलं प्लॅनो-कॉन्व्हेक्स भिंग सुलट बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आधी खात्री: हे गोलीय विपथनच आहे ना?

धूसर ठिपक्याची कारणं अनेक असू शकतात. पांढऱ्या उजेडात काम करत असाल तर पहिला संशयित रंगीय विपथन. आपल्या भिंगात निळ्या आणि लाल प्रकाशाच्या नाभींमध्ये जवळपास ०.८ मिमीचं अंतर असतं आणि ते स्टॉपने कमी होत नाही. म्हणून तपासणी एकाच रंगाच्या उजेडात करा. हिरवी किंवा लाल एलईडी, तिच्यापुढे बारीक छिद्र, आणि भिंगापासून किमान दोन-तीन मीटर अंतर, एवढं पुरतं.

मग काळ्या जाड कागदाची एक चकती कापा आणि तिला एकाच व्यासावर चार छिद्रं पाडा, प्रत्येक दीड मिमीचं. बाहेरची दोन छिद्रं एकमेकांपासून २२ मिमी अंतरावर, आतली दोन ८ मिमी अंतरावर. चकतीचं मध्य भिंगाच्या मध्यावर नीट बसवा. बाहेरची जोडी उघडी ठेवून आतली टेपने झाका. पडद्यावर दोन ठिपके दिसतील. पडदा मागे-पुढे करत दोन्ही ठिपके एकावर एक कुठे येतात ते पाहा आणि पट्टीवर ती जागा टिपा. मग बाहेरची जोडी झाकून आतल्या जोडीने तेच करा.

ठिपके एकत्र आल्यासारखे वाटतात त्या जागेच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे ठरवायची खूण सोपी आहे. डावं छिद्र बोटाने झाका. डावीकडचा ठिपका गेला तर किरण अजून एकमेकांना ओलांडून गेलेले नाहीत, म्हणजे पडदा नाभीच्या अलीकडे आहे. उजवीकडचा गेला तर पलीकडे. हे कळलं की जागा अर्ध्या मिमीच्या आत सापडते.

दोन्ही जोड्यांची जागा एकच आली तर धूसरपणा गोलीय विपथनाचा नाही. काचेवर तेलकट थर आहे का, भिंग तिरकं बसलंय का, उजेडाचा स्रोतच मोठा आहे का, ते बघा. बाहेरच्या जोडीची जागा भिंगाच्या जवळ आली तर रोग सापडला. आणि किती जवळ, यावरून भिंगाचं तोंडही कळतं. आपल्या भिंगात गोल बाजू उजेडाकडे असताना हा फरक साधारण २.६ मिमी येतो, सपाट बाजू उजेडाकडे असताना साधारण १०.६ मिमी. इतका ढळढळीत फरक असल्यावर अंदाजाला जागाच राहत नाही.

चकती नसेल तर नुसत्या डोळ्यांनीही एक खूण मिळते. पडदा नाभीच्या थोडा अलीकडे, भिंगाच्या बाजूला, ठेवा. गोलीय विपथन असेल तर उजेडाच्या चकतीला तेजस्वी कडा दिसते. पलीकडे नेल्यावर उलट दिसतं: मध्य उजळ आणि कडा विरत गेलेली. दोन्हीकडची चकती सारखीच दिसली तर विपथन कमी आहे. हा भेद एकदा नजरेत बसला की पुढे मोजमाप न करताही बरंच कळतं.

पहिलं काम: तोंड फिरवा

नियम एवढाच: गोल बाजू त्या दिशेला, जिकडचे किरण समांतराच्या जास्त जवळ आहेत. दूरचा उजेड गोळा करायचा असेल तर गोल बाजू उजेडाकडे. एलईडीचा उजेड समांतर करायचा असेल तर सपाट बाजू एलईडीकडे, गोल बाजू बाहेर. भिंग धारकात बसवताना सपाट बाजू कड्यावर छान टेकते, म्हणून ती हवी तिकडे न जाता सोईच्या बाजूला जाते, आणि चूक तिथेच होते. वस्तू आणि प्रतिमा दोन्ही भिंगापासून सारख्या अंतरावर असतील, म्हणजे दोन्हीकडे शंभर-शंभर मिमी, तर मात्र प्लॅनो-कॉन्व्हेक्स वापरू नका. तिथे दोन्ही बाजू सारख्या फुगीर असलेलं भिंग सरस ठरतं, कारण तिथे वाकणं आपोआप सारखं वाटलं जातं.

पूर्ण २४ मिमी व्यास उघडा असताना उलट्या भिंगाचा सर्वांत बारीक ठिपका साधारण २.३ मिमी रुंद येतो. सुलट केल्यावर ०.४८ मिमी. एक पैसाही न खर्चता, उजेडाचा एक किरणही न गमावता. त्यामुळे स्टॉपकडे जाण्याआधी हे करून घ्या.

दुसरं काम: स्टॉप, आणि त्यानंतर पुन्हा फोकस

आता मूळ तक्रारीकडे येऊ. स्टॉप लावून फरक का पडत नाही?

पूर्ण उघड्या भिंगाचा सर्वांत बारीक ठिपका काठाच्या किरणांच्या नाभीवरही पडत नाही आणि मधल्या किरणांच्या नाभीवरही पडत नाही. तो मधल्या किरणांच्या नाभीपासून भिंगाकडे, विपथनाच्या तीन-चतुर्थांश अंतरावर पडतो. आपल्या भिंगात ३.५५ चे तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे २.६६ मिमी. उघड्या भिंगाने फोकस केलेला पडदा नेमका इथे उभा असतो.

आता स्टॉप लावून झोताचा व्यास १२ मिमी केला. आता सर्वांत बाहेरचा किरण ६ मिमी उंचीवर आहे आणि त्याचं विपथन फक्त ०.८४ मिमी. उंची निम्मी, विपथन एक-चतुर्थांश. पण नव्या झोताचा उत्तम फोकस मधल्या किरणांच्या नाभीपासून ०.६३ मिमीवर आहे, आणि पडदा उभा आहे २.६६ मिमीवर. म्हणजे पडदा दोन मिमी चुकीच्या जागी राहिला. त्या जागी या किरणांचा ठिपका किती रुंद? ६ मिमीचा किरण अक्षाला ०.१२३ उताराने छेदतो. २.६६ वजा ०.८४ म्हणजे १.८२ मिमी. गुणाकार ०.२२ मिमी, आणि दुप्पट केल्यावर ०.४५ मिमी.

आधीचा ठिपका ०.४८ होता, आताचा ०.४५. उजेड मात्र चौथाई राहिला. स्टॉपने काहीच केलं नाही असं वाटावं, अशीच ही स्थिती आहे.

आता पडदा भिंगापासून दोन मिमी दूर सरकवा. ठिपका ०.०५ मिमीवर येतो. नवव्या हिश्शावर. स्टॉपने आपलं काम आधीच केलं होतं, ते दिसायला पडदा सरकवणं बाकी होतं. स्टॉपचा व्यास बदलला की फोकस नव्याने करायचा, हे इथे पर्यायी नाही. आणि फोकस नेहमी ज्या व्यासावर काम करायचंय त्याच व्यासावर करा. ‘उघड्यावर उजेड जास्त, म्हणून तिथे फोकस करतो आणि मग स्टॉप लावतो’ ही सवय चांगल्या दुरुस्त केलेल्या कॅमेरा लेन्सला चालून जाते, एकेरी भिंगाला चालत नाही.

ठिपक्याची रुंदी इतकी झपाट्याने का उतरते? विपथन उंचीच्या वर्गाने बदलतं, आणि किरण अक्षाला ज्या उताराने छेदतो तो उतारही उंचीसोबत बदलतो. दोन्हींचा गुणाकार झाला की रुंदी उंचीच्या घनाने बदलते. व्यास निम्मा केला तर उजेड चौथाई, ठिपका आठवा हिस्सा. सौदा फायद्याचा आहे. तरी हेही लक्षात ठेवा की २४ मिमी व्यासाच्या भिंगात बाहेरच्या अर्ध्या त्रिज्येतून तीन-चतुर्थांश उजेड येतो. तो गमावूनच ही धार मिळते.

मग स्टॉप किती आवळायचा? व्यास ६ मिमी केला की गोलीय विपथनाचा ठिपका ०.००६ मिमीच्या आसपास येतो. पण तोवर विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, आडवं येतं. हिरव्या प्रकाशात ६ मिमी छिद्राने ५० मिमी अंतरावर पडणारी विवर्तनाची चकतीच ०.०११ मिमी रुंद असते. दोन्ही बरोबरीला येतात ते साधारण ७ मिमी व्यासाला. त्याहून लहान स्टॉप लावला तर उजेडही जातो आणि ठिपकाही पुन्हा फुगायला लागतो. आपल्या या भिंगासाठी ७ ते ८ मिमी हा तळ समजा. पांढऱ्या उजेडात तर त्याच्या बऱ्याच आधी थांबावं लागतं, कारण १२ मिमी व्यासालाच रंगीय विपथन बरोबरीला आलेलं असतं, आणि त्यापुढे ठिपका घनाने नाही, फक्त व्यासाच्या प्रमाणात लहान होतो.

स्टॉप ठेवायचा कुठे, यावर बरीच चर्चा होते. अक्षावरच्या समांतर झोतासाठी तो भिंगाला चिकटून असो की दोन वीत पुढे असो, गोलीय विपथनात फरक पडत नाही, कारण भिंगाचा तोच भाग वापरला जातो. अक्षाबाहेरची प्रतिमाही हवी असेल तर मात्र जागा महत्त्वाची ठरते, कारण स्टॉप दूर गेला की तिरका झोत भिंगाच्या एका बाजूने जाऊ लागतो. आणि स्टॉप मध्यावर नसेल तर ठिपक्याला एका बाजूने शेपूट येतं. आयरिस धारकात दोन-अडीच मिमी सरकलेला असणं अगदी सहज घडतं, तेव्हा शेपूट दिसलं की आधी तिथे हात लावा.

उजेड सोडायचा नसेल तर: अगोलीय पृष्ठ

स्टॉप काठाचे किरण फेकून देतो. अगोलीय पृष्ठ त्यांना ठेवून घेतं आणि योग्य तेवढंच वाकवतं. तत्त्व सरळ आहे. काठाकडे गोल पृष्ठाचा उतार गरजेपेक्षा जास्त असतो, तर तिथे पृष्ठ थोडं सपाट करायचं.

किती सपाट? सपाट बाजू उजेडाकडे असलेल्या भिंगासाठी याचं उत्तर नेमकं आहे. मागचं पृष्ठ अपास्ताकार, म्हणजे हायपरबोलॉइड, केलं आणि ते गोलापासून किती हटलंय हे सांगणारा शांकव स्थिरांक −n² ठेवला, n म्हणजे काचेचा अपवर्तनांक, तर एका रंगाच्या, अक्षावरच्या समांतर झोतासाठी गोलीय विपथन शून्य होतं. देकार्तने १६३७ मध्ये अशा अपास्ताकार भिंगांचा पाठपुरावा केला होता, पण त्या काळी असं पृष्ठ घासता येईना. आपल्या काचेसाठी स्थिरांक −२.२५. आधीचाच १२ मिमीचा किरण पुन्हा काढून बघा. तिथे गोल पृष्ठाची मध्यापासूनची खोली ३.०७ मिमी होती, अपास्ताची २.७० मिमी. पृष्ठाचा कल २८.७ अंशांवरून २२.९ वर येतो, किरण १७.४ ऐवजी १२.८ अंश वाकतो, आणि मध्यबिंदूपासून बरोबर ५० मिमीवर अक्षाला भेटतो. काठावर ०.३७ मिमी काच वेगळी, एवढ्यात १४.७ मिमीचं विपथन नाहीसं.

गोल बाजू उजेडाकडे ठेवून तेच साधायचं असेल तर फेरफार आणखी कमी लागतो. तिथे शांकव स्थिरांक सुमारे −०.५८ पुरतो. काठावर गोलापासूनचा फरक फक्त ०.११५ मिमी, आणि किरण काढून पाहिला तर काठाचा छेदबिंदू मधल्याशी ०.०१ मिमीच्या आत जुळतो. दोन पृष्ठांनी काम आधीच वाटून घेतलेलं असल्यामुळे दुरुस्तीला थोडंच उरतं.

दोन्ही भिंगं अक्षावर उत्तम, मग निवड कशी करायची? इथे अक्षापासून जरा बाजूला सरकून बघावं लागतं. अपास्ताकार मागची बाजू असलेल्या भिंगात काठाच्या वलयाचं परिणामी नाभीय अंतर ५४ मिमी येतं, मध्याचं ५०. म्हणजे काठाचं वलय प्रतिमा ८ टक्के मोठी काढतं. अक्षावर ते कळत नाही, पण स्रोत एक अंश बाजूला असला की प्रत्येक वलयाचा ठिपका वेगळ्या जागी पडतो आणि धूमकेतूसारखं शेपूट तयार होतं, त्याला कोमा म्हणतात. गोल बाजू उजेडाकडे असलेल्या अगोलीय भिंगात तोच आकडा ४९.५ मिमी आहे, म्हणजे फरक जेमतेम १ टक्का. माझं स्पष्ट मत: झोत अक्षावर पक्का खिळलेला नसेल तर फुगीर अगोलीय बाजू समांतर झोताकडे असलेलंच भिंग घ्या. बाजारात मिळणारी बहुतेक अगोलीय भिंगं याच पद्धतीची असतात.

अगोलीय भिंग घेतलं, तरी ठिपका वाईट

हा प्रश्नही वारंवार येतो. पहिली शक्यता: भिंग उलटं बसलंय. गोल भिंग उलटं बसवलं तर काम निदान चालतं, ओबडधोबड का होईना. अगोलीय भिंग एका विशिष्ट दिशेच्या उजेडासाठीच घडवलेलं असतं. तोंड फिरवलं की त्याची दुरुस्ती दुसऱ्याच गणिताला लागू होते. −०.५८ वालं भिंग उलटं ठेवलं तर पुसायचं विपथन ९/२ च्या हिशेबाचं, आणि पृष्ठ पुसतं फक्त ७/६ एवढं. उरलेलं जवळपास तीन-चतुर्थांश विपथन तसंच राहतं. चार छिद्रांची चकती इथेही लगेच सांगून टाकते.

दुसरी शक्यता अंतरांची. अनंतावरच्या उजेडासाठी केलेलं भिंग २०० मिमीवरच्या वस्तूची प्रतिमा काढायला लावलं तर किरण वेगळ्या कोनांनी आत शिरतात आणि विपथन परत येतं. अशा वेळी दोन अगोलीय भिंगं समोरासमोर ठेवून मधला झोत समांतर करणं हा खात्रीचा मार्ग आहे: एक वस्तूचा उजेड समांतर करतं, दुसरं तो गोळा करतं, आणि दोन्ही आपापल्या ठरलेल्या स्थितीत काम करतात.

तिसरी शक्यता पृष्ठाच्या दर्जाची. साच्यात दाबलेल्या किंवा हिऱ्याच्या टोकाने खरडून केलेल्या पृष्ठांवर बारीक समकेंद्री लाटा राहू शकतात. ठिपका बारीक येतो, पण त्याच्याभोवती फिकट कडी दिसतात आणि एकूण चमक कमी वाटते. फोकस सरकवून पसरलेली चकती पाहा. कांदा आडवा कापल्यासारख्या गोल-गोल रेषा दिसल्या तर हेच कारण. प्रकाश एकवटून तापवायचं किंवा पेटवायचं काम असेल तर असं भिंग चालतं. प्रतिमा काढायची असेल तर घासून पॉलिश केलेलं घ्यावं लागतं. स्टॉपने या लाटा जात नाहीत, कारण त्या मध्यापर्यंत असतात.

चौथी गोष्ट लेझर डायोडवाल्यांसाठी. डायोडच्या डब्यावर काचेची पातळ खिडकी असते, आणि डायोडसाठी केलेल्या अगोलीय भिंगाच्या गणितात तिची जाडी धरलेली असते. तिरक्या किरणांच्या वाटेतली सपाट काचही गोलीय विपथन घालते, उलट दिशेचं. त्यामुळे खिडकी काढली किंवा वेगळ्या जाडीची लावली तर चांगलं भिंगही बिघडल्यासारखं वागतं. भिंगाच्या माहितीपत्रकात खिडकीची जाडी आणि तरंगलांबी दोन्ही दिलेल्या असतात. खरेदीच्या वेळी त्या दोन ओळी आपल्या डायोडशी ताडून घ्या, आणि जुळत नसतील तर तेच भिंग खिडकीविना किंवा दुसऱ्या रंगात वापरण्याआधी चकती लावून बाहेरच्या आणि आतल्या जोडीच्या जागा मोजा.